टेकऑफला २७०० येत नाहीत: गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

"फुल थ्रॉटल, प्रोपेलर लिव्हर पूर्ण पुढे, तरी आरपीएम कमी." हा स्नॅग एकाच विमानाच्या टेक लॉगमध्ये सहा महिन्यांत तीनदा आला. पहिल्या दोन वेळा गव्हर्नरचा, म्हणजे फेरे मर्यादेत धरणाऱ्या यंत्राचा, स्क्रू फिरवून, आकडा बसवून, सही करून विमान सोडलं गेलं. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे आलं. खरा दोष सापडला तेव्हा कळलं की आरपीएम कधी कमी नव्हतेच. उलट गेले काही महिने ते इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर फिरत होतं.

कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर, म्हणजे फेरे कायम राहावेत म्हणून पात्यांचा कोन बदलत राहणारा प्रोपेलर, असलेल्या विमानांवर ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी दुरुस्त होते. म्हणून सविस्तर लिहितो. उदाहरणाला पायपर ॲरोच्या वर्गातलं विमान घेतो: चार आसनं, २०० अश्वशक्तीचं एकच इंजिन, २७०० आरपीएमची मर्यादा, ७४ इंच व्यासाचा दोन पात्यांचा प्रोपेलर.

उभ्या विमानात २७०० न येणं हा दोष नाही

नवीन विद्यार्थीच काय, काही जुने हातही इथेच गडबडतात. ब्रेक दाबून, विमान जागेवर उभं ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला आणि टॅकोवर, म्हणजे फेरे दाखवणाऱ्या मीटरवर, २६३० दिसले, तर त्यांना वाटतं ७० आरपीएम कुठेतरी अडकले. ते अडकलेले नसतात. का, ते पाहायला पात्याच्या बाजूने विचार करावा लागतो.

पात्याचा मधून टोकाकडे तीन चतुर्थांश अंतरावरचा बिंदू घ्या. ७४ इंचांच्या प्रोपेलरमध्ये हा बिंदू एका फेऱ्यात सुमारे ४.४ मीटरचं वर्तुळ कापतो. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे हा बिंदू सेकंदाला जवळपास २०० मीटर वेगाने आडवा धावतो. विमान उभं असताना तो पुढे काहीच सरकत नाही, समोरून येणारी हवा त्याला सरळ आडवी भिडते. पातं १४ अंशांवर बसवलेलं असेल, तर हवेला भिडण्याचा कोनही जवळजवळ तेवढाच असतो. (प्रोपेलर स्वतः हवा ओढतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो, पण मुद्दा तोच राहतो.) एवढ्या कोनात पात्याला फिरवायला इंजिनाला जोर लावावा लागतो, आणि २०० घोड्यांचा जोर २६३०ला संपतो.

आता ब्रेक सोडा. विमान धावायला लागलं की बिंदू आडवा धावता धावता पुढेही सरकू लागतो. ९० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ मीटर. प्रत्येक फेऱ्याला प्रोपेलर एक मीटरभर पुढे जातो. समोरची हवा आता सरळ आडवी न येता १३ अंशांनी तिरकी येते. पातं जर १४ अंशांवरच राहिलं असतं, तर हवेला भिडण्याचा कोन जेमतेम एक अंश उरला असता. पात्याला काही काम उरलं नसतं आणि इंजिन सुसाट सुटलं असतं.

म्हणून जमिनीवर धावतानाच, भार कमी होत जातो तसे आरपीएम चढत २६३० वरून २७०० वर पोचतात, आणि तिथे गव्हर्नर कामाला लागतो. तो पात्याचा कोन वाढवायला सुरुवात करतो. ९० नॉटच्या चढाईत पातं साधारण १७-१८ अंशांवर येतं, १३ अंश हवेच्या तिरकेपणाचे आणि उरलेले चार-पाच खऱ्या कामाचे. लिव्हर मागे घेऊन २४०० आरपीएमवर क्रूझ करताना १३५ नॉटला प्रत्येक फेऱ्यात विमान पावणेदोन मीटर पुढे जातं, हवा २१ अंशांनी तिरकी येते, आणि पातं २५ अंशांच्या आसपास जाऊन बसतं. चढाई आणि क्रूझ, दोन्ही अवस्थांत इंजिन त्याला मानवेल त्या फेऱ्यांवर चालतं आणि पातं हवेला चार-पाच अंशांच्या त्याच काटकसरीच्या कोनात भिडत राहतं. कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलरचं सगळं काम एवढंच आहे.

ठरावीक कोनाच्या प्रोपेलरला हे जमत नाही. १४ अंशांचं पातं क्रूझमध्ये नेलं, तर २१ अंशांच्या तिरक्या हवेत त्याचा कोन उणे होतो. ते विमान ओढण्याऐवजी हवेच्या जोरावर स्वतःच फिरायला लागतं. २५ अंशांचं पातं टेकऑफला दिलं, तर उभ्या विमानात ते हवेला एवढं आडवं पडतं की हवा पात्यावरून सुटते. इंजिन दमतं, आरपीएम खूप खालीच अडकतात आणि विमान धावपट्टी खात राहतं.

तेव्हा उभ्या विमानात लाल रेषेपेक्षा थोडे कमी आरपीएम, आणि धावताना ते चढत जाऊन लाल रेषेवर थांबणं, ही चांगल्या प्रोपेलरची खूण आहे. कमी म्हणजे किती, हे तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये आणि प्रकार प्रमाणपत्राच्या कागदात दिलेलं असतं. तिथला आकडा घ्या, शेजारच्या विमानाचा नको.

आरपीएम कोण अडवतंय?

फेऱ्यांना वरून अडवणाऱ्या दोन गोष्टी असतात आणि त्या एकाच वेळी काम करत नाहीत.

पहिली म्हणजे हबमधला कमी पिचचा, म्हणजे पात्याच्या कमीत कमी कोनाचा, थांबा. एका इंजिनाच्या विमानांत, काउंटरवेट नसलेल्या साध्या हबमध्ये, पाती स्वतःच्या फिरण्याच्या जोरानेच कमी कोनाकडे वळू पाहतात, आणि सोबत स्प्रिंग असेल तर तीही त्याच बाजूने ढकलते. गव्हर्नर इंजिनाचं तेल घेतो, आपल्या छोट्या पंपाने त्याचा दाब २५०-३०० पीएसआयच्या घरात नेतो, आणि पोकळ क्रँकशाफ्टमधून हबमधल्या पिस्टनवर सोडतो. तेल आलं की कोन वाढतो, तेल परत गेलं की कोन कमी होतो. तेल पूर्ण निघून गेलं, तर पाती या थांब्यावर येऊन टेकतात आणि त्याखाली जात नाहीत. दोन इंजिनांच्या विमानांत बहुधा याच्या उलट असतं, तेल गेलं की पाती फेदरकडे, म्हणजे समोरच्या हवेला धार दाखवणाऱ्या सर्वांत मोठ्या कोनाकडे, जातात. त्या विमानांना हा लेख तसाच लावू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे गव्हर्नर. त्याच्या आत इंजिनासोबत फिरणारी दोन छोटी वजनं असतात आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग दाबून बसलेली असते. कॉकपिटमधला निळा प्रोपेलर लिव्हर या स्प्रिंगचा दाब ठरवतो. फेरे वाढले की वजनं बाहेर फाकतात, स्प्रिंगला हरवतात, आतली झडप उचलतात आणि तेल हबकडे जातं. कोन वाढतो, भार वाढतो, फेरे जागेवर येतात. फेरे कमी झाले की स्प्रिंग जिंकते आणि तेल परत येतं. लिव्हर पूर्ण पुढे असताना स्प्रिंग जास्तीत जास्त किती दाबली जाईल, हे गव्हर्नरच्या अंगावरचा एक स्क्रू ठरवतो. वारंवार फिरवला जातो तो हाच.

उभ्या विमानात पाती थांब्यावर टेकलेली असतील, तर गव्हर्नरची वजनं अजून स्प्रिंगला हरवण्याइतकी फाकलेलीच नसतात. गव्हर्नर अजून खेळात आलेलाच नसतो. त्या वेळी त्याचा स्क्रू कितीही बाहेर काढा, जमिनीवरच्या आरपीएमवर एका काट्याचाही फरक पडणार नाही. पण हवेत पडेल.

लिव्हर हळू मागे घ्या आणि टॅको पाहा

आता ही चाचणी. हत्यारं काही लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात, पण ती केल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नका.

वारा जवळजवळ नसलेली सकाळ निवडा, कारण समोरून वारा असला तर उभं विमानही थोडं चालत असल्यासारखं वागतं आणि आकडा फुगतो. जागा पक्की आणि खडे नसलेली हवी, नाहीतर पात्यांच्या टोकांचं नुकसान कराल. चॉक लावा, काउलिंग बंद ठेवा, तेल गरम होऊ द्या, आणि प्रोपेलर लिव्हर तीन वेळा मागे-पुढे करून हबमध्ये ताजं गरम तेल खेळवा. मग लिव्हर पूर्ण पुढे, थ्रॉटल पूर्ण पुढे. आकडा लिहून घ्या.

आता थ्रॉटल तसाच ठेवून प्रोपेलर लिव्हर अगदी हळू मागे आणायला सुरुवात करा. आरपीएम २५ ने उतरेपर्यंत लिव्हर किती सरकतो ते पाहा. लिव्हर बराच मागे आला तरी काटा हलत नाही आणि नंतर कुठेतरी उतरू लागतो, असं झालं तर मघाचा आकडा पात्यांच्या थांब्याने अडवलेला होता. लिव्हर हलवताक्षणी काटा उतरला, तर आकडा गव्हर्नरने अडवलेला होता. पूर्ण थ्रॉटलवर जास्त वेळ उभं राहू नका. सिलिंडरला थंड व्हायला उभ्या विमानात पुरेशी हवा मिळत नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर अजिबात नाही.

या एका उत्तराने पुढची वाट ठरते.

गव्हर्नरने अडवलं असेल आणि आकडा कमी असेल, तर आधी केबल पाहा, स्क्रू नंतर. लिव्हर कॉकपिटमध्ये पूर्ण पुढे टेकला तेव्हा गव्हर्नरवरची भुजा तिच्या थांब्याच्या स्क्रूवर खरंच टेकली का? एक माणूस आत, एक काउलिंग उघडून बाहेर. भुजा आधी टेकायला हवी आणि कॉकपिटमधल्या लिव्हरला त्यानंतरही तीनेक मिलिमीटरचा लवचिक खेळ उरायला हवा. केबलचं आवरण एखाद्या क्लॅम्पमध्ये सरकलं, तर लिव्हर पुढे जाऊन टेकतो आणि भुजा मात्र थांब्यापासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहते. बाहेरून सगळं ठीक दिसतं. अशा वेळी स्क्रू फिरवून काही उपयोग नाही, कारण भुजा त्याला शिवतच नाही. आणि स्क्रू बराच बाहेर काढून ठेवला, तर पुढे कुणीतरी केबल नीट बसवली त्या दिवशी इंजिन लाल रेषा ओलांडतं.

थांब्याने अडवलं असेल आणि आकडा मॅन्युअलपेक्षा कमी असेल, तर गव्हर्नरला सोडून द्या. तिथे तीन शक्यता उरतात: इंजिन कमी ताकद देतंय, टॅको खोटं बोलतोय, किंवा थांब्याचा कोनच चुकलाय.

इंजिनाचा हिशेब सोपा आहे आणि डोळे उघडणारा आहे. ठरावीक कोनावर टेकलेलं पातं फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मॅन्युअल २६३० मागतं आणि खरोखर २४८० येत असतील, तर गुणोत्तर ०.९४३, त्याचा घन ०.८४. म्हणजे २०० पैकी ३२ घोडे गायब. एवढी ताकद गेली असेल, तर मॅग्नेटो, कॉम्प्रेशन, हवेचा फिल्टर किंवा झिजलेल्या कॅमशाफ्टचा कंगोरा यांपैकी काहीतरी बोलायलाच हवं. चढाईचा दरही पडलेला असेल. पायलटला विचारा.

"ऊन आहे, हवा पातळ आहे म्हणून आरपीएम कमी" हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे आणि मला ते मान्य नाही. ४३ अंश तापमानाला नागपूरच्या उंचीवर हवेची घनता साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी उतरते, हे खरं. इंजिनाची ताकद त्यामुळे कमी होते, हेही खरं. पण तीच पातळ हवा पात्यालाही कमी विरोध करते. दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळपास फेडतात आणि आरपीएममध्ये उरतो तो फरक थोडाच असतो, शंभर-दीडशेचा नाही. उन्हाळ्यात ओढ कमी होते आणि धावपट्टी जास्त लागते. फेऱ्यांच्या आकड्यावर त्याचं खापर फोडता येत नाही.

त्या विमानाचं काय झालं

पहिला स्नॅग मार्चमधला. उभ्या विमानात २५९०, टेकऑफनंतर हवेत २६६०. फिटरने गव्हर्नरचा स्क्रू वाढवला, हवेत २७०० आले, सही झाली. उभ्या विमानातला आकडा २५९० वरच राहिला. त्याकडे कुणी पाहिलं नाही.

जूनमध्ये पुन्हा तेच. हवेत २६६०च्या आसपास. या वेळी ज्याने काम केलं त्याने जमिनीवर, पूर्ण थ्रॉटलवर आकडा बसवायचा प्रयत्न केला. स्क्रू अर्धा फेरा बाहेर, काही फरक नाही. आणखी एक फेरा, तरी नाही. बरेच फेरे झाल्यावर, जमिनीवर आकडा ढिम्म हलत नाही म्हणून, त्याने एक चाचणी उड्डाण मागितलं. टेकऑफला काटा लाल रेषेच्या बराच वर गेला. पायलट सावध होता, त्याने लगेच लिव्हर मागे घेतला. मग स्क्रू उलटा फिरवत फिरवत हवेत २७०० वर आणून ठेवला. काम त्याने मन लावून केलं होतं. जमिनीवर गव्हर्नर खेळात नसतो, एवढंच त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिसरा स्नॅग: हवेत २७०० येतात, पण उभ्या विमानात फक्त २५६०.

मी आधी जुन्या नोंदी काढल्या. मार्चमध्ये उभ्या विमानात २५९०, आता २५६०. मधल्या काळात दोनदा स्क्रू फिरला होता, पण त्या स्क्रूचा या आकड्याशी संबंधच नाही. लिव्हर मागे घेण्याची चाचणी केली. लिव्हर चांगला बोटभर मागे आला तेव्हा काटा उतरला. म्हणजे थांबाच अडवत होता. मॅन्युअलपेक्षा ७० कमी, घनाच्या हिशेबाने पावणेआठ टक्के ताकद कमी. कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर चांगले. मॅग्नेटोचा उतार दोन्ही बाजूंना मर्यादेत. पायलटला विचारलं, चढतं कसं? तो म्हणाला, "सर, मस्त चढतं. आधीपेक्षा बरं."

पावणेआठ टक्के ताकद गमावलेलं इंजिन आधीपेक्षा बरं चढत नाही. तिथे माझं लक्ष टॅकोकडे गेलं.

तो जुन्या पद्धतीचा यांत्रिक टॅको होता. इंजिनाकडून एक लवचिक केबल फिरत येते आणि टॅकोच्या पोटातला चुंबक फिरवते. चुंबक एका पातळ धातूच्या वाटीला न शिवता आपल्यामागे ओढतो, वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ठेवते, आणि या ओढाताणीत वाटी जितकी वळेल तितका काटा वळतो. चुंबक वयाने कमजोर झाला की ओढ कमी होते आणि काटा खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. हे एका दिवसात होत नाही. महिन्यामागून महिने, थोडं थोडं होतं. म्हणूनच स्नॅग पुन्हा पुन्हा येत होता.

प्रकाशावर चालणारा टॅको आणला. हे छोटं यंत्र पात्यांनी कापलेला उजेड मोजतं. त्यावर पात्यांची संख्या दोन ठेवायला विसरू नका, तीनवर राहिली तर २७००चे १८०० दिसतील. आणि हे हँगरच्या ट्यूबलाइटखाली करू नका, ट्यूबचं लुकलुकणं त्यालाही पातंच वाटतं. बाहेर उन्हात, कॉकपिटमध्ये बसून, समोरच्या काचेतून आकाशाकडे रोखून मोजायचं. बाहेर उभं राहून पात्यांजवळ जाण्याचं काहीही कारण नाही.

उभ्या विमानात पॅनेलवर २५६०, प्रकाश-टॅकोवर २६३०. मॅन्युअलला हवा तसा. इंजिन तंदुरुस्त, थांबा बरोबर.

मग हवेत. पायलटला आधीच सांगितलं होतं की पॅनेलवर २६०० च्या वर लिव्हर राहू द्यायचा नाही. टेकऑफसाठीही लिव्हर थोडा मागेच ठेवला. धावपट्टी भरपूर लांब होती आणि विमानात आम्ही दोघेच. उजव्या सीटवरून मी मोजलं: पॅनेलवर २६००, खरे २६७०. क्रूझमध्ये पॅनेलवर २४००, खरे २४६५. सगळीकडे तोच पावणेतीन टक्क्यांचा फरक. म्हणजे गेले दोन महिने प्रत्येक टेकऑफला पॅनेलवर २७०० दिसत होते तेव्हा इंजिन २७७० च्या वर फिरत होतं. जास्त फेरे म्हणजे जास्त ताकद. "आधीपेक्षा बरं" चढण्याचं कारण हे होतं.

सगळ्या आकड्यांवर सारखाच टक्का कमी असणं ही टॅकोच्या दोषाची खूण आहे. गव्हर्नरचा स्क्रू किंवा केबल चुकली असेल, तर फक्त हवेतला वरचा आकडा बिघडतो. उभ्या विमानातला बहुधा तसाच राहतो. इंजिन कमजोर असेल, तर उलट: उभ्या विमानातला आकडा पडतो, पण हवेत वेग आल्यावर २७०० गाठले जातात, जरा उशिरा. तिन्ही दोषांचा ठसा वेगळा उमटतो, फक्त दोन्ही आकडे एकत्र लिहिलेले हवेत.

टॅको बदलला. नव्या टॅकोची प्रकाश-टॅकोशी तुलना केली. मग गव्हर्नरचा स्क्रू परत आत घेतला आणि हवेत बरोबर २७०० वर बसवला. जास्त फेऱ्यांची नोंद लॉगमध्ये केली, इंजिन आणि प्रोपेलर या दोन्हींच्या उत्पादकांच्या ओव्हरस्पीडच्या सूचना काढल्या आणि त्यांप्रमाणे तपासण्या केल्या. या दोन वेगळ्या सूचना असतात. इंजिनाची पाहिली आणि प्रोपेलरची राहिली, असं करू नका. हबमधल्या पात्याच्या मुळावरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो.

आणखी दोन ठिकाणी हाच आकडा नडतो

टॅको चुकीचा असला तर फक्त लाल रेषाच धोक्यात येते असं नाही. काही इंजिन-प्रोपेलर जोड्यांना मधलाच एक पट्टा वर्ज्य असतो, कारण तिथे इंजिनाचे धक्के आणि पात्याचं स्वतःचं कंपन एकमेकांना साथ देतात. पायपर ॲरोच्या काही मॉडेलवर २१०० ते २३५० दरम्यान सतत चालवू नका, असा फलक असतो. टॅको कमी दाखवत असेल, तर पॅनेलवर २३०० ठेवून पायलट नकळत पट्ट्याबाहेर असेल. पण टॅको जास्त दाखवत असेल, तर २४०० ठेवल्यावर खरे २३४० असू शकतात, आणि तो तासन् तास नेमका पट्ट्यात बसलेला असेल. पायलटला हे दिसत नाही, जाणवतही नाही, पात्यात थकवा मात्र साचतो.

दुसरी गोष्ट थांब्याच्या स्क्रूची. काही हबवर कमी पिचचा थांबा पुढच्या बाजूने बाहेरून फिरवता येतो, आणि "उभ्या विमानात २७०० आणून देतो" म्हणत तो आत-बाहेर केलेला मी पाहिलाय. कोन एखाद्या अंशाने कमी केला की जमिनीवरचा आकडा खरोखरच चढतो, आणि मालक खूश होतो. पण क्रूझमध्ये गव्हर्नरचं तेल गेलं, तर पाती याच थांब्यावर येऊन टेकणार आहेत. १३५ नॉटला हा थांबा जितका खाली, तितके फेरे जास्त सुसाट सुटणार. पायलटला थ्रॉटल ओढून आणि नाक वर घेऊन वेग कमी करेपर्यंत जे काही सेकंद मिळतात, ते या कोनावर अवलंबून आहेत. तो कोन बदलणं प्रोपेलर शॉपचं काम, कागदावरच्या अंशांप्रमाणे, कोनमापक लावून.

टेकऑफच्या सुरुवातीला काटा लाल रेषेवर किंचित उडी मारून सेकंदभरात खाली येतो, अशी तक्रार असेल, तर आधी विचारा की थ्रॉटल किती झटक्यात दिला आणि प्रोपेलर लिव्हर रन-अपमध्ये मागे-पुढे केला होता का. थंड, घट्ट तेल हबपर्यंत पोचायला वेळ लागतो. गरम तेलातही उडी येतच असेल, किंवा क्रूझमध्ये काटा सतत वर-खाली डोलत असेल, तेव्हा गव्हर्नर किंवा क्रँकशाफ्टमधली तेलाची गळती शोधायला निघा. तो वेगळा स्नॅग आहे, वरच्या चाचणीने पकडला जात नाही.

त्या विमानाच्या टेक लॉगमध्ये आता आम्ही प्रत्येक शंभर तासांच्या तपासणीला दोन आकडे लिहितो: उभ्या विमानात किती, आणि हवेत लिव्हर पूर्ण पुढे असताना किती. शेजारी तिसरा रकाना आहे, प्रकाश-टॅकोने मोजलेल्या आकड्याचा. शेवटची नोंद: २६३०, २७००, आणि तिसऱ्या रकान्यात २६३५.